पहाटेची बाटली

प्रिय ताई,
मी गंगाखेडजवळच्या गावातला. परभणीत रूम करून पोलीस भरतीची तयारी करतोय. आठ महिन्यांपासून रोज पहाटे सहा कच्च्या अंड्यांचं पांढरं गरम दुधात घेतो. साडेचारला ग्राउंडवर जायचं असतं म्हणून अंडी रात्रीच फोडून पांढरं बाटलीत भरून ठेवतो. रूमवर फ्रीज नाही. पिवळं रूममेट भुर्जीत घालतो. मे महिन्यात मला चार दिवस ताप आणि जुलाब झाले. विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉइड सांगितला. ऑगस्टपासून केस मुठीनं गळतायत, नाकाच्या कडेची कातडी सोलतेय. रूममेट म्हणतो कच्च्या अंड्यानं बायोटिन नावाचं जीवनसत्त्व मारलं जातं, म्हणून पंधरा दिवसांपासून १० मिलिग्रॅमची गोळी घेतोय. पुढच्या आठवड्यात थायरॉईडची तपासणी आहे. मामा म्हणतात, गावरान अंडी घे, काही होत नाही, आम्ही तालमीत कच्चीच खाल्ली. घरी वहिनीला सातवा महिना चालू आहे, तिलाही दूध-अंडं देतात. कोणाचं ऐकू?

---

ती बाटली आज रात्रीपासून बंद कर, आणि घरी फोन करून वहिनीचं कच्चं अंडंही आजच थांबवायला सांग. बाकीचं सावकाश वाचलंस तरी चालेल.

तुझा रूममेट एका धोक्याबद्दल बोलतोय आणि मामा दुसऱ्याच. अंड्यात हे दोन्ही धोके वेगवेगळ्या कारणांनी येतात आणि वेगवेगळ्या उष्णतेला मरतात. लोक दोघांची सरमिसळ करतात, मग एकाला आवरलं की दुसराही गेला असं वाटायला लागतं. म्हणून मी दोन्ही सुटे करून सांगते.

आधी रूममेटचं. अंड्याच्या पांढऱ्यात अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन असतं. कोंबडीनं ते पिलाच्या राखणीसाठी ठेवलेलं असतं. कवचातून एखादा जंतू आत शिरलाच, तर वाढायला त्याला बायोटिन लागतं, आणि अ‍ॅव्हिडिन ते बायोटिन आधीच पकडून बसतं. पकड किती घट्ट? निसर्गात दोन रेणूंमध्ये, रासायनिक बंध न जुळता, जी सर्वांत घट्ट पकड माहीत आहे त्यात हिचा नंबर वरचा आहे. आपल्या पोटातले पाचक रस अ‍ॅव्हिडिनला सहजासहजी तोडू शकत नाहीत. त्यामुळे पकडलेलं बायोटिन आतड्यातून रक्तात न जाता तसंच पुढे सरकतं आणि बाहेर पडतं.

हे कळायला माणसाला बरीच वर्षं लागली. १९२७ साली लंडनमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना प्रथिन म्हणून कच्चं पांढरंच खायला घातलं, तेव्हा त्यांचे केस झडले आणि कातडी सोलली. तेच पांढरं शिजवून दिलं तर काही होत नव्हतं. १९४० च्या सुमारास टेक्सास विद्यापीठातल्या एस्मंड स्नेल आणि सहकाऱ्यांनी पांढऱ्यातला दोषी पदार्थ वेगळा काढला. बायोटिनसाठी हावरा म्हणून त्याचं नाव अ‍ॅव्हिडिन पडलं.

आता तुझ्या बाटलीचा हिशोब करू. एका अंड्याच्या पांढऱ्यात साधारण दीड मिलिग्रॅम अ‍ॅव्हिडिन असतं. एक मिलिग्रॅम अ‍ॅव्हिडिन सुमारे १४ मायक्रोग्रॅम बायोटिन अडवतं. म्हणजे एक पांढरं जवळपास २० मायक्रोग्रॅम अडवणार आणि सहा पांढरी मिळून १२५ च्या आसपास. मोठ्या माणसाची रोजची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम इतकीच असते. तू रोज पहाटे गरजेच्या तिप्पट बायोटिन अडवेल एवढी ताकद पोटात घालत होतास. अंड्यातलं बायोटिन असतं पिवळ्यात, अख्ख्या अंड्यात मिळून साधारण १० मायक्रोग्रॅम, आणि ते रूममेटच्या भुर्जीत जात होतं.

हिशोब असा भीतीदायक दिसतो, तरी तुझे केस यामुळेच गळतायत असं मी म्हणणार नाही. १९४२ साली सायडेनस्ट्रिकर नावाच्या डॉक्टरांनी काही स्वयंसेवकांवर हाच प्रयोग केला होता. त्यांच्या रोजच्या उष्मांकांपैकी जवळजवळ तीस टक्के कच्च्या पांढऱ्याच्या भुकटीतून येत होते. ताज्या अंड्यांत मोजलं तर दिवसाला तीसच्या वर पांढरी. शिवाय बाकीचं जेवण बायोटिन कमी असलेलं. त्यांची कातडी तीन-चार आठवड्यांत कोरडी होऊन सोलू लागली, पुढे थकवा, अंगदुखी आणि अन्नावरची वासना उडणं आलं. बायोटिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर ती माणसं काही दिवसांतच सावरली. तू सहा पांढरी घेतोस आणि दिवसभर भाकरी, डाळ, शेंगदाण्याची चटणी खातोस. आपल्या शरीरात बायोटिन पुन्हा पुन्हा वापरलंही जातं. त्यामुळे तुझ्यात कमतरता असू शकते, पण ती ठरवायला एवढ्यावर भागत नाही.

खऱ्या कमतरतेत कातडी कुठे बिघडते ते लक्षात ठेव. डोळे, नाक, तोंड यांच्याभोवती लालसर, खपल्या धरणारं पुरळ येतं, केस सगळ्या डोक्यावर विरळ होतात, कधी हातापायांना मुंग्या येतात आणि माणूस उगाच मलूल होतो. तू लिहिलेली नाकाच्या कडेची सोललेली कातडी यात बसते. पण साधा कोंडा चेहऱ्यावर उतरला तरी तो नेमका तिथेच दिसतो, आणि घाम गाळणाऱ्या पोरांमध्ये तो फार असतो. आरशात बघून दोन्ही ओळखता येत नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांना दाखव आणि कच्च्या अंड्यांचं आवर्जून सांग, कारण हा प्रश्न ते आपणहून विचारतीलच असं नाही.

केसांबद्दल मला दुसरीच शंका जास्त वाटते. मोठा ताप येऊन गेला की दोन-तीन महिन्यांनी केस मुठीनं गळतात. तापात केसांची मुळं एकदम विश्रांतीत जातात आणि ते केस पुढे महिने उलटल्यावर सुटतात. तुझा ताप मे महिन्यातला, गळती ऑगस्टपासूनची. हे गणित जुळतं. असं असेल तर केस आपोआप थांबतात आणि सहा-आठ महिन्यांत परत भरतात. आणि तो ताप कशाचा होता, हे आपल्याला दुसऱ्या धोक्याकडे घेऊन जातं.

तो धोका साल्मोनेलाचा. या जंतूच्या घराण्यात टायफॉइडचा जंतूही येतो, पण तो फक्त माणसात राहतो आणि माणसाच्या विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्या-अन्नातून पसरतो. कोंबडीच्या पोटात तो नसतो. अंड्यातून येतो तो त्याचा भाऊबंद, साल्मोनेला एन्टेरिटिडिस. दोघांच्या अंगावरच्या काही खुणा सारख्या असल्यानं विडाल तपासणी दुसऱ्यालाही पॉझिटिव्ह दाखवू शकते. म्हणून मे महिन्यातलं दुखणं टायफॉइडच होतं की बाटलीतून आलेलं, हे त्या एका कागदावरून सांगता येत नाही. त्या वेळी शौचाचं किंवा रक्ताचं कल्चर, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, केली असती तर कळलं असतं. आता ते उकरून उपयोग नाही. पुढे कधी अंडं खाल्ल्यानंतर सहा तास ते सहा दिवसांच्या आत ताप, पोटात मुरडा आणि जुलाब लागले, तर डॉक्टरांना अंड्याचं सांगून कल्चरबद्दल विचार.

हा जंतू अंड्यात दोन वाटांनी येतो. एक म्हणजे कवचावरची घाण, ती डोळ्यांना दिसते. दुसरी वाट मामांना सांगण्यासारखी आहे. एन्टेरिटिडिस कोंबडीच्या अंडाशयातच बसतो, आणि कवच चढायच्या आधीच अंड्याच्या आत जातो. कोंबडी चांगली चरते, अंडं स्वच्छ दिसतं, कवच अखंड असतं, फोडल्यावर वास येत नाही. पाण्यात टाकून तरंगतं का बघितलं तर अंडं जुनं आहे का ते कळतं, जंतू आहे का ते कळत नाही. गावरान कोंबडी उकिरड्यावर चरते, तिथे उंदीर असतात, पाखरं असतात. ती या जंतूपासून सुटलेली आहे असं मानायला काही आधार नाही.

तरी मामा खोटं बोलत नाहीत. असं दूषित अंडं क्वचितच निघतं, बहुतेक अंडी चांगलीच असतात. शिवाय मला वाटतं, तालमीतली पोरं सकाळी घातलेलं अंडं तेव्हाच फोडून गिळत असतील. अशा ताज्या अंड्यात जंतू असलाच तरी मोजके असतात. पिवळ्याभोवतीचा पडदा घट्ट असतो आणि पांढऱ्यात जंतूला खायला मिळत नाही. अ‍ॅव्हिडिन बायोटिन अडवतं, तसं पांढऱ्यातलं दुसरं एक प्रथिन लोह अडवतं. उपाशी जंतू तिथे तग धरून राहतो, वाढत नाही.

तुझ्याकडे ही राखण तीन ठिकाणी मोडते. अंडी ट्रेमधून येतात, आणि दुकानात, टपरीवर, टेम्पोत ती आठ-पंधरा दिवस उन्हाळ्याच्या हवेत असतात. परभणीचा मे महिना म्हणजे ४२ अंश. उष्णतेनं पिवळ्याभोवतीचा पडदा लवकर सैल होतो आणि पिवळ्यातलं लोह, चरबी पांढऱ्यात झिरपते. जंतूला हवं ते मिळालं. मग तू सहा अंडी एकत्र फोडतोस. एका अंड्यातला जंतू सहाही अंड्यांच्या पांढऱ्यात मिसळतो, आणि पिवळं वेगळं काढताना त्याचा थेंब-दोन थेंब बाटलीत पडतोच. शेवटी ती बाटली रात्री दहापासून पहाटे साडेचारपर्यंत पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या गरम खोलीत राहते. पोषण मिळालं तर या उष्णतेत जंतू साधारण अर्ध्या तासात दुप्पट होतो. साडेसहा तासांत तेरा वेळा दुप्पट म्हणजे एकाचे आठ हजार. पांढऱ्यात वेग याहून कमी असेल, पण थेंबभर पिवळं पडलेल्या बाटलीचा भरवसा मी देऊ शकत नाही. मला विचारशील तर तुझ्या सगळ्या दिनक्रमात सर्वांत धोक्याची गोष्ट ही रात्रभर ठेवलेली बाटली होती. अ‍ॅव्हिडिन त्यानंतर.

तुझ्या गरम दुधाचंही बघू, कारण वहिनीलाही बहुतेक तसंच देत असतील. सहा पांढरी मिळून २०० ग्रॅम भरतात. खोलीतलं त्यांचं तापमान ३० अंश धरू. त्यात ८० अंशाचं, म्हणजे तोंड भाजेल असं, २०० मिली दूध ओतलं तर मिश्रण जेमतेम ५५ अंशावर येतं आणि लगेच निवायला लागतं. साल्मोनेला झटकन मरायला ७१ अंश लागतात. अ‍ॅव्हिडिन उलगडून निकामी व्हायला ८५ च्या आसपास. गरम दुधात यातलं एकही होत नाही. वहिनीच्या ग्लासात अंडं एकच असेल तर मिश्रण जरा जास्त गरम राहील, पण दूध ओतायचा वेग, ग्लासाचा गारवा, अंड्याचा आकार यावर जिवाची जोखीम कशाला ठेवायची?

या दोन आकड्यांत जे अंतर आहे त्यामुळेच दोन्ही धोके वेगळे पडतात. जिमवाल्या मुलांसाठी पाश्चराइज केलेलं पांढरं पाकिटात मिळतं. ते ५६-५७ अंशांवर काही मिनिटं धरलेलं असतं, त्यात साल्मोनेला जातो, पण अ‍ॅव्हिडिन शाबूत राहतं. म्हणजे ते कच्चंच प्यायलास तर जुलाबापासून वाचशील, बायोटिनचं नुकसान तसंच. हाफ फ्रायमध्ये उलटं होऊ शकतं. पांढरं बऱ्यापैकी घट्ट होतं, त्यामुळे अ‍ॅव्हिडिनचा बराच भाग निकामी झालेला असतो, पण वाहतं पिवळं ७१ ला पोचलेलं नसतं आणि जंतूला आवडतं ते पिवळंच. तुझ्यासारख्या धडधाकट मुलानं कधीतरी हाफ फ्राय खाल्लं तर मी भांडणार नाही. वहिनीनं, लहान लेकरानं, आजी-आजोबांनी ते खाऊ नये. गरोदरपणात असं दुखणं झालं तर ताप आणि जुलाबातलं पाणी कमी होणं आईला जड जातं, आणि क्वचित जंतू रक्तात उतरून बाळापर्यंतही पोचतो. गरोदरपणात शरीराचं बायोटिन तसंही लवकर खर्च होतं. वहिनीला अंडं जरूर द्या, पूर्ण उकडलेलं द्या, पिवळ्यासकट.

आपल्याकडे हा धोका दुसऱ्या रूपानंही येतो, शॉर्मा आणि मोमोजबरोबरच्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमधून. शेजारच्या तेलंगणानं ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती. घरी मिक्सरवर करू नकोस, आणि गाडीवर उघड्या डब्यात ठेवलेलं दिसलं तर खाऊ नकोस.

आता गोळी आणि तपासणी. १० मिलिग्रॅम म्हणजे १० हजार मायक्रोग्रॅम, रोजच्या गरजेच्या अडीचशे पटींहून जास्त. तुझ्या सहा अंड्यांचं अ‍ॅव्हिडिन त्यातलं १२५ अडवेल आणि बाकीचं सगळं रक्तात जाईल. ते विषारी नाही, पण तुझी थायरॉईडची तपासणी त्यानं चुकू शकते. प्रयोगशाळेतल्या बऱ्याच यंत्रांत हार्मोन पकडायला याच पकडीचा उपयोग करतात. अ‍ॅव्हिडिनचा मातीतल्या एका जिवाणूकडून मिळणारा भाऊ, स्ट्रेप्टाव्हिडिन, आणि त्याला चिकटणारं बायोटिन. तुझ्या रक्तात बायोटिन भरमसाट असलं की ते मधेच जागा अडवतं. थायरॉईडला चालवणारा टीएसएच खोटा कमी दिसतो, थायरॉईडचे स्वतःचे टी-३ आणि टी-४ खोटे जास्त. कागदावर थायरॉईड वाढलेला दिसतो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली या घोटाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. म्हणून गोळी आजच थांबव. तपासणीच्या आधी निदान तीन दिवस ती पोटात जाऊ नये, आणि रक्त देताना तू ती घेत होतास हे लॅबमध्येही सांग, डॉक्टरांनाही. थायरॉईडबरोबर हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा दाखवणारं फेरीटिन बघावं का, हेही त्यांना विचार. केसगळतीत लोह कमी निघणं बायोटिनपेक्षा कितीतरी जास्त दिसतं.

ज्यासाठी हे सगळं करत होतास त्या प्रथिनाचं राहिलं. १९९८ साली बेल्जियममध्ये माणसांवर मोजून पाहिलं, तेव्हा शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन लहान आतड्यात पचलं आणि कच्च्यातलं ५१ टक्केच. सहा पांढऱ्यांत २१-२२ ग्रॅम प्रथिन असतं, कच्चं प्यायल्यावर त्यातलं ११ तुझ्या कामी येत होतं. तीन अख्खी उकडलेली अंडी खाल्लीस तर १६-१७ ग्रॅम अंगी लागतं, पिवळ्यातलं बायोटिन मिळतं, आणि ट्रेचा खर्च निम्म्यावर येतो.

वेळेची अडचण मला कळते. रूमवर शेगडी असेल तर पाण्याला उकळी फुटल्यावर अंडी सोडून दहा मिनिटं ठेव. पिवळं मधोमध घट्ट आणि कोरडं झालं पाहिजे, आणि पांढरं कुठेही पारदर्शक राहू नये, हीच थर्मामीटरविना खूण. पहाटे तोंड धुऊन होईपर्यंत ती होतात. ग्राउंडवरून आल्यावर खा, पण उन्हाळ्यात उकडलेली अंडीही तास-दोन तासांच्या पुढे बाहेर ठेवू नकोस, आणि रात्री उकडून पहाटे खायचं तर मुळीच नको. ट्रे आणलास की तडकलेली अंडी बाजूला काढून त्याच दिवशी भुर्जीत संपव. अंडी धुऊन ठेवू नकोस, ओल्या कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. घाण लागलेली असेल तर फोडायच्या आधी धू आणि मग हात साबणानं धू. उन्हाळ्यात आठवड्याला पुरतील एवढीच आण.

ती जुनी बाटली मात्र टाकून दे. झाकणाच्या आट्यांत वाळलेलं पांढरं घासून निघत नाही, आणि पुढे त्यात तू पाणीच भरणार आहेस. कातडी आणि केसांकडे सहा आठवडे लक्ष ठेव. बायोटिनचाच प्रश्न असेल तर कच्चं अंडं बंद झाल्यावर नाकाजवळची कातडी आधी सुधारेल, केसांना त्याहून जास्त वेळ लागेल. कातडी तशीच राहिली, डोळे लाल व्हायला लागले किंवा हातापायांना मुंग्या आल्या, तर सहा आठवडे थांबू नकोस, लगेच दाखव. फिट्सच्या गोळ्या कधी घेत असशील तर तेही सांग, कारण त्यातल्या काहींनी बायोटिन कमी होतं आणि तू पत्रात बायोटिनशिवाय दुसऱ्या औषधांचं काही लिहिलेलं नाहीस.